उंदरापासून सुरुवात

पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मनात काही नवं शिकायचं आलं की तो आधी दुकानात जातो. पोहायला शिकायचं असेल तर पाण्यात पाय घालण्याआधी घरात गॉगल येतो. योगासनांच्या आधी चटई येते. बासरी शिकणारा तर तीन पट्ट्यांच्या तीन बासऱ्या एकदम घेऊन ठेवतो, न जाणो आपली पट्टी कुठली निघेल! लहान मुलाचं असं नसतं. त्याला कोळशाचा तुकडा सापडला की भिंत सापडते आणि विद्यार्जनाला सुरुवात होते. मोठ्या माणसाला मात्र साहित्य पुरं झाल्याशिवाय आपण अडाणी आहोत हे कबूल करता येत नाही.

आमच्या भावोजींनी बँकेतून निवृत्त झाल्यावर चित्रकला शिकायचं ठरवलं, तेव्हा रोह्यातल्या स्टेशनरीच्या दुकानाला दिवाळीआधीच दिवाळी आली. बारा ब्रशांचा संच, पेन्सिलींचा डबा, रंगांच्या ट्यूब, चित्रकाराचा लाकडी घोडा आणि एक खिशांचा एप्रन. चित्रकला म्हणजे तरी नक्की काय? तर पेणला जाऊन गणपतीच्या डोळ्यांची आखणी. रोहा आणि पेण एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि गणपतीची मूर्ती म्हटलं की जगभरातल्या मराठी माणसाला पेण आठवतं, मग शिकायचं तर तिथलंच, असा त्यांचा हिशेब. शिवाय त्यांच्या मते त्यांची पूर्वतयारी झालेलीच होती. "तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळल्यात," ते म्हणाले. "रेषेतला खोटेपणा मला लांबून कळतो." दुसऱ्याच्या रेषेतला खोटेपणा कळणं आणि स्वतःची रेषा खरी काढणं यांत जे अंतर आहे, ते पुढे हळूहळू दिसायचं होतं. बहिणीने मला सोबत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांनी तिथे आणखी काही विकत घेऊ नये म्हणून."

आखणी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. कारखान्यात मूर्ती साच्यातून बाहेर येते, वाळते, घासून गुळगुळीत होते. मग अंगाचा रंग चढतो, सोवळं, शेला, दागिने, मुकुट रंगतात. हे होईपर्यंत मूर्ती बऱ्याच हातांखालून जाते. डोळे मात्र सगळ्यात शेवटी उघडायचे आणि ते काम मोजक्याच हातांकडे असतं. बाकी रंगकाम कितीही देखणं असो, नजर बिघडली तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. उलट सोवळ्याचा काठ जरा हलला तरी नजर छान असेल तर कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. म्हणून शून्य नंबरचा ब्रश घेऊन बसलेल्या माणसाच्या आसपास कारखान्यात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. भावोजींच्या बारा ब्रशांच्या संचात शून्य नंबर नव्हता.

आम्हाला शिकवायला जी बाई तयार झाली, ती वयाने आमच्यापेक्षा बरीच लहान. आम्ही तिला ताई म्हणायला लागलो, ती आम्हाला काका म्हणायला लागली, आणि कोण शिकवणार, कोण शिकणार हा प्रश्न मिटला. कामाची घाई नसलेले दिवस होते. "आषाढ लागला की मला बोलायलाही सवड नसते," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तोवर जे येईल ते तुमचं." भावोजींनी पिशवीतून सामान काढून मांडायला सुरुवात केली. ताईने ते सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि आतून एक पाटी आणली. शाळेतली, काळी, लाकडी चौकटीची. सोबत एक ब्रश आणि वाटीभर पाणी.

"रंग?" भावोजींनी विचारलं.

"पाणीच," ताई म्हणाली.

कोरड्या पाटीवर ओल्या ब्रशाने रेघ ओढली की ती काळीभोर दिसते आणि थोड्या वेळात वाळून नाहीशी होते. रंग वाया जात नाही, कागद लागत नाही, खोडरबर लागत नाही. मुख्य म्हणजे काढलेल्या रेघेला नटवत बसता येत नाही. मोठ्या माणसाची पहिली खोड हीच असते. एक रेघ चुकली की तिच्यावर दुसरी, मग दोन्ही झाकायला तिसरी, आणि शेवटी पाहणाऱ्याला वाटतं इथून मुंगळ्यांची रांग गेली असावी. पाटीवर दुसरी संधी नाही. रेघ आली तशी आली, वाळली, आता पुढची.

भावोजींना नेमकं हेच खटकलं. "पण मग प्रगतीची नोंद कशी राहणार?" बँकेत ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं. ताईने त्यांना समजावलं नाही. तिने फक्त पाटी दाखवून सांगितलं की एका ओळीत दहा रेघा, वरच्या पापणीची कमान, दोन्ही टोकं बारीक आणि पोट जाड. ती ओळ पुरी झाली की हाक मारा.

आता ही एक कमान, लांबी दीड-दोन इंच. सांगायला दोन ओळी, पण ब्रश टेकवल्यापासून उचलेपर्यंत त्या कमानीत बरंच काही घडायला लागतं. ब्रश पेनासारखा आडवा धरायचा नाही, जवळजवळ उभा धरायचा, म्हणजे टोकच टेकतं. करंगळी खाली टेकवायची, कारण अधांतरी हात थरथरतोच. टेकवताना ब्रश नुसता शिवायचा, मधे किंचित दाबायचा, शेवटी चालतं ठेवतच उचलायचा. थांबून उचलला तर टोकाला थेंब राहतो. श्वास रोखायचा नाही, सोडत सोडत रेघ ओढायची. नजर ब्रशाच्या टोकावर नाही, रेघ जिथे संपायची आहे तिथे ठेवायची. आणि हळू ओढायची नाही. नवशिक्याला वाटतं सावकाश गेलं की सरळ जाईल, पण हात जितका हळू चालतो तितका प्रत्येक कंप रेघेत उतरतो. बेताच्या वेगाने गेलेली रेघ ते कंप ओलांडून जाते.

हे सगळं ताईने एका दमात सांगितलं असतं तर आम्हाला काहीच जमलं नसतं. तिने फक्त करंगळीचं सांगितलं. बाकीचं पुढे, एकेक करून, ज्याची गरज पडेल तसं.

इथे तिच्या शिकवण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण मला त्यातच खरी गंमत वाटली. पहिली रेघ काढताच भावोजींनी मान वर करून विचारलं, "कशी आली?" मोठ्या माणसाला दर रेघेला दाद हवी असते. ताई म्हणाली, "ओळ पुरी करा." दुसऱ्या रेघेला पुन्हा मान वर. पुन्हा तेच उत्तर. ओळ पुरी झाल्यावर ती आली आणि तिने उलट आम्हालाच विचारलं, "यातली सगळ्यात वाईट कुठली?" आता वाईट रेघ दाखवायची म्हणजे पंचाईत. भावोजींनी बराच विचार करून जी दाखवली ती दुसऱ्या क्रमांकाची वाईट होती. सगळ्यात वाईट तोवर वाळून जावी अशी त्यांची व्यूहरचना. ताई म्हणाली, "का वाईट?" आणि तिथे गाडी अडली. वाईट आहे हे दिसत होतं, का ते सांगता येईना. "चढताना बरी आहे, उतरताना पोट राहून गेलं," तिने सांगितलं. "पुढच्या ओळीत फक्त तेवढंच बघा. बाकी चुकलं तर चुकू द्या."

हे तिला कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं, पण पुस्तकात ते आहे. हाताची कौशल्यं माणूस कशी शिकतो यावर सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तीन अभ्यासकांनी तोवर झालेले प्रयोग तपासून 1984 साली एक लेख लिहिला. त्याचा सारांश असा की दर प्रयत्नानंतर लगेच दुरुस्ती सांगितली तर त्या वेळी हात झकास चालतो, पण सांगणारा बाजूला झाला की कोलमडतो. शिकणारा स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकतच नाही, त्या सांगण्याच्या कुबडीवर चालतो. काही प्रयत्न होऊ देऊन मग एकदम सांगितलं तर शिकताना जरा जड जातं, पण शिकलेलं टिकतं. ताईकडे याचा पुरावा विचारला असता तर ती एवढंच म्हणाली असती की मी दर रेघेला येऊन उभी राहिले तर माझे गणपती कोण रंगवणार?

रेघा पाण्यातून रंगात आल्या, तेव्हा कागद म्हणून जुनं वर्तमानपत्र मिळालं. छोट्या जाहिरातींचं पान. त्यातल्या उभ्या रकान्यांच्या रेषा आयत्याच आखलेल्या असतात, दोन रेषांच्या मधे कमान बसवायची. आता नवीन संकट आलं, रंगाचा दाटपणा. रंग दाट झाला की रेघ मधेच तुटते आणि तिच्या कडेला केस फुटतात. पातळ झाला की रेघ पसरते आणि शेवटी ओघळ धरते. बरोबर दाटपणा किती, याचं माप नाही. ताई ब्रश रंगात बुडवून अंगठ्याच्या नखावर एक बारीक रेघ ओढून बघते. अखंड आली आणि जागच्या जागी राहिली तर रंग जमला. तिच्या नखावर दिवसाच्या शेवटी रेघांचं एक जंगल असतं. भावोजींनी हे पाहून पाणी मोजायला ड्रॉपर आणायचा विचार बोलून दाखवला, पण मी बहिणीचा शब्द पाळला.

वर्तमानपत्रावर एक फायदा झाला, नोंद राहायला लागली. आणि नोंद राहायला लागल्यावर भावोजींना ती नकोशी झाली. ताई एक पान उचलायची आणि नुसत्या रेघांवरून सांगायची, "काका, हे रविवारचं काम आहे ना? आठवडाभर ब्रश शिवला नाही आणि रविवारी दुपारभर बसलात." हे तिला कसं कळलं? तर पानाच्या वरच्या काही ओळी चढत्या सुधारणेच्या होत्या, मधल्या बऱ्या, आणि तिथून खाली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून वाईट. हात थकला की रेघ बिघडते आणि थकलेल्या हाताने पुढे रेटलं की बिघडलेल्या रेघेचाच सराव होतो. रोज वीस मिनिटं, आणि बिघडायला लागलं की त्या क्षणी बंद. बहिणीने त्याचा घरगुती नियम केला. कुकर चढवला की पाटी काढायची, शेवटची शिट्टी झाली की ठेवायची. त्या काळात त्यांच्याकडचा भात जरा मऊ असायचा.

एक अडचण मात्र हाताची नव्हतीच. भावोजींच्या सगळ्या रेघा उजवीकडे वर चढायच्या. करंगळी टेकलेली, रंग जमलेला, वेगही बरा, आणि तरी रेघ चढणीला. ताई समोर बसून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, रेघेकडे नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही हनुवटी वर करून का बघता?" बायफोकल! जवळचं बघायला चष्म्याच्या खालच्या काचेतून बघावं लागतं, म्हणून हनुवटी वर, मान मागे, त्याला तोलायला खांदा तिरपा. भावोजी नुसत्या जवळच्या नंबरचा जुना वाचायचा चष्मा घालून आले आणि रेघ आपोआप आडवी झाली. पन्नाशीनंतर बारीक काम शिकणाऱ्याने हे आधी तपासावं. माझ्या माहितीत दोन-चार जणांनी आपल्या अंगात कला नाही म्हणून ब्रश ठेवला, त्यांच्या अंगात कला असेल-नसेल, नाकावर चुकीचा चष्मा नक्की होता.

मग आलं बघणं. एक दिवस ताईने आम्हाला सांगितलं की रोह्याच्या घरातून जे दिसतं ते काढून आणा. भावोजींनी काढून आणलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, सूर्याच्या खालून नागमोडी नदी, काठाला कौलारू घर, आभाळात चार पक्षी. हे चित्र तुम्हीही काढलं आहे. महाराष्ट्रात तिसरी-चौथीत गेलेल्या प्रत्येकाने काढलं आहे. भावोजींच्या गच्चीवरून अवचितगड दिसतो आणि त्याच्यात त्रिकोण कुठेच नाही. लांबट डोंगरधार, मधे उतार, कुठे सपाट माथा. कुंडलिका डोंगरातून सूर्याच्या खालून निघत नाही. पण डोळे अवचितगडाकडे बघत होते आणि हात चौथीतला डोंगर काढत होता. माणूस लिहायला-वाचायला शिकला की त्याला प्रत्येक वस्तूची एक ठरलेली खूण मिळते आणि मग वस्तूकडे बघायची त्याला गरजच उरत नाही.

डोळ्याच्या बाबतीत तर हे जास्तच. डोळा काढा म्हटलं की आपण बदामाचा आकार काढतो आणि मधोमध गोळा ठेवतो. खरा डोळा असा नसतो. वरच्या पापणीची कमान आणि खालच्या पापणीची कमान सारख्या नसतात, वरची जास्त वळलेली असते आणि तिचा उंचवटा नाकाकडे झुकलेला असतो. खालची लांब आणि उथळ. बुबुळ पूर्ण गोल दिसतच नाही, वरची पापणी त्याचा माथा झाकते. हे कितीही सांगितलं तरी हात बदामच काढतो. त्यावर एक जुना उपाय आहे. बेटी एडवर्ड्स या अमेरिकेतल्या कलाशिक्षिकेने 1979 साली लिहिलेल्या पुस्तकामुळे तो जगभर माहीत झाला. नमुना उलटा ठेवायचा आणि उलटाच काढायचा. उलटा डोळा डोळा वाटत नाही, मग हात बदामाकडे वळत नाही, समोरच्या रेषा कुठून कुठे जातात ते बघावंच लागतं. एडवर्ड्सबाईंनी त्यासाठी पिकासोने काढलेलं एक रेखाचित्र घेतलं होतं. ताईने एक न रंगवलेली मूर्ती घेतली आणि फिरवून डोक्यावर उभी केली.

भावोजी ताडकन उठले. "अहो, देवाला उलटं?"

"डोळे उघडले नाहीत अजून," ताई म्हणाली. "अजून मातीच आहे. बसा."

ते बसले, पण आधी हात जोडून बसले. आणि त्या दिवशी त्यांची वरची कमान पहिल्यांदा खऱ्या पापणीच्या जवळ गेली.

आता बढती. कारखान्यात नवशिक्याला थेट डोळे देत नाहीत हे उघड आहे. पण काय देतात, याची एक उतरंड आमच्या ताईच्या कारखान्यात ठरलेली होती. आधी पाटाचा काठ, कारण तिथे रेघ लांब असते आणि चुकली तर वरून दुसरा रंग चालतो. मग सोवळ्याचा काठ, कारण तिथे रेघ घडीबरोबर वळते. मग पायाची नखं. नखं म्हणजे छोट्या कमानीच, पण दहा नखं एकसारखी आली पाहिजेत. आणि मग उंदीर. उंदराचा डोळा म्हणजे एक काळा ठिपका आणि त्यात एक पांढरा ठिपका. आखणी जिथून सुरू होते ती जागा हीच. गणपतीच्या पायाशी बसून गेली कित्येक वर्षं हा प्राणी नवशिक्यांचे प्रयोग सोसत आला आहे. पांढरा ठिपका मोठा पडला की तो भेदरलेला दिसतो, मधोमध पडला की बावळट, खाली पडला की रडवेला. भावोजींनी रंगवलेल्या पहिल्या खेपेतल्या उंदरांत या तिन्ही भावना होत्या आणि एक उंदीर तर चक्क विचारात पडलेला होता. ताईने एकेक तपासून दोन बाजूला ठेवले. "हे दोन जातील." भावोजींचा चेहरा असा उजळला की निवृत्तीच्या समारंभातल्या शालीनेही तसा उजळला नव्हता.

उन्हाळ्याच्या शेवटी ताईने त्यांना एक मूर्ती दिली. सोंड तुटलेली, विक्रीला बाद, पण चेहरा शाबूत. एक फुटाची मूर्ती, डोळा जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. काम क्रमाने असं होतं. आधी डोळ्यात पांढरा रंग भरायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, कारण ओल्या पांढऱ्यावर काळा गेला की दोघांचा राखाडी होतो. दोन्ही कोपऱ्यांत अगदी फिकट तांबूस छटा. मग वरच्या पापणीची कमान, पाटीवर घोटलेली तीच. खालची त्याहून बारीक, काळी नाही तर तपकिरी, नाहीतर देवाने काजळ फासलेलं वाटतं. मग तपकिरी बुबुळ, वरून कमानीने कापलेलं. त्यात काळी बाहुली, तिच्या कडेला पांढरा ठिपका. शेवटी पापणीवरची घडी आणि भुवई.

यातली मेख अशी की एक डोळा पुरा करून मग दुसरा घ्यायचा नाही. एका डोळ्यातली एक रेघ काढली की लगेच तीच रेघ दुसऱ्या डोळ्यात. नाहीतर पहिला डोळा सुंदर होतो आणि दुसरा त्याच्याशी जुळवता जुळवता रात्र होते. आणि उजव्या हाताच्या माणसाची एका बाजूची कमान मनगटाच्या वळणाबरोबर सहज जाते, दुसऱ्या बाजूची त्या वळणाच्या विरुद्ध असते. म्हणून अवघड बाजूची आधी काढायची, आणि सोपी तिच्याशी जुळवायची. सोपी आधी काढली तर अवघड तिच्या तोडीला कधीच येत नाही.

भावोजींनी हे सगळं पाळलं. बाहुल्या झाल्या, ठिपके झाले, आणि ते मागे सरून बघायला लागले. गणपतीने त्यांच्याकडे कर्जाचा अर्ज नाकारलेल्या खातेदारासारखं पाहिलं. वटारलेले डोळे, त्यातही एक जरा बाहेर गेलेला.

ताईने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय बिघडलं?" या वेळी भावोजी उत्तर देऊ शकले. "बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं दिसतंय. वरची पापणी टेकली नाही." बरोबर. वर पांढरं दिसलं की डोळे वटारलेले, बुबुळं नाकाकडे सरकली की तिरळे, बाहेर सरकली की नजर हरवलेली. "आणि दुसरं?" ते भावोजींना दिसेना. ताईने भिंतीवरचा आरसा खाली काढून मूर्तीसमोर धरला. "यातून बघा." बराच वेळ बघून डोळ्यांना चुकीची सवय होते. आरशात डावं-उजवं उलटतं, सवय मोडते आणि वाकडेपणा लगेच समोर येतो. पांढरे ठिपके! एका डोळ्यात उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. दोन्ही बाजूंना सारखेपणा राखायच्या नादात भावोजींनी ठिपकेही आरशातल्याप्रमाणे समोरासमोर ठेवले होते. पण उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवी. तिथे तेवढी सारखेपणाला सुट्टी.

ताईने ब्रश घेतला. दोन्ही वरच्या कमानी केसभर खाली आणल्या, एक ठिपका पुसून पलीकडे दिला. बस, एवढंच. तो खातेदार गेला आणि गणपती आला. खाली बसून पाहिलं तर आपल्याकडेच बघत होता. भावोजी काही बोलले नाहीत. तीस-पस्तीस वर्षं सह्या पडताळलेला माणूस खरी रेघ समोर आली की पटकन ओळखतो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं.

आषाढ लागला आणि शिकवणी संपली. हिशेब मांडला तर एका मोसमात भावोजींना काठ येतात, नखं येतात, उंदीर बहुतेक येतो. डोळे येत नाहीत. ते येतात असं मी लिहिलं तर पेणमध्ये लहानपणापासून मूर्तींच्या रांगेत वाढलेली माणसं मला स्टेशनवर उतरू देणार नाहीत. ताईने सांगितलं, दिवाळीनंतर या, अजून एक मोसम नखं आणि उंदीर, मग बघू. घोडा, एप्रन आणि बारा ब्रशांचा संच सध्या भाच्याच्या मुलीकडे आहे. तिने भिंतीवर कोळशाने सुरुवात केली आहे.

खरा फायदा बहिणीला झाला. एका वेळी एकच चूक सांगायची आणि तीही लगेच नाही, ओळ पुरी झाल्यावर, ही ताईची रीत तिला फार पटली. आता ती भावोजींना दिवसभर काही म्हणत नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर विचारते, "आज सगळ्यात वाईट काय झालं, सांगा बरं." ते दुसऱ्या क्रमांकाचं सांगतात. ती पहिल्या क्रमांकाचं सांगते आणि उद्या फक्त तेवढंच बघा म्हणते. परवा भावोजींनी माझ्यादेखत तिला जरा आशेने विचारलं, "रोज एकच सांगतेस, म्हणजे बाकी काही चुकत नाही ना?"

"चुकतं की," ती म्हणाली. "तुम्हाला नोंद लागते ना? वही घातली आहे. क्रमाने घेऊ."